पेन्सिलीतलं उत्तर

मला राग लवकर येतो, हे आमच्या शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. तीस वर्षं गणित शिकवलं, तीस वर्षं ओरडले. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण एका सहीचं वाटतं. ती सही मी रागात केली नव्हती, चांगली शांत डोक्याने केली होती.

साल अठ्ठ्याण्णव. गंगापूर रोडच्या एका शाळेत आम्ही निवड परीक्षेचे पेपर तपासत होतो. सातवीची, खेड्यातली मुलं. साठ गुण पडले की नाशिकच्या शाळेत वसतिगृहासकट प्रवेश. शेवटचा प्रश्न पाच गुणांचा होता: लागोपाठच्या दोन त्रिकोणी संख्यांची बेरीज नेहमी पूर्ण वर्ग का असते? एक, तीन, सहा, दहा, पंधरा या त्या संख्या. एकात दोन मिळवा, मग तीन, मग चार, अशा वाढत जातात. एक आणि तीन चार, तीन आणि सहा नऊ, दहा आणि पंधरा पंचवीस. आता हे नेहमीच का, ते सांगा.

एका पोरीने नुसते ठिपके काढले होते. चार पायऱ्यांचा एक जिना, पाच पायऱ्यांचा दुसरा, दोन्ही जोडून पाच बाय पाचचा चौरस. आजूबाजूला पेन्सिलीने बारीक काहीतरी खरडलेलं. पेन्सिलीचा मजकूर म्हणजे कच्चं काम, तो वाचायचा नाही, असा आमचा नियम. मी लाल पेनाने लिहिलं, ‘एका उदाहरणाने सिद्ध होत नाही’, आणि भोपळा दिला. पोरीला एकूण सत्तावन्न पडले.

पंधरवड्याने पेठकडच्या आश्रमशाळेतले गोरक्ष सर फेरतपासणीचा अर्ज घेऊन आले. सोबत ती पोर, चांगुणा. निळा फ्रॉक, पायात काही नाही.

“मॅडम, हिला जागा मिळाली नाही तर घरचे चैत्रात लग्न लावतील,” सर म्हणाले. “दहा मिनिटं ऐका हिचं.”

“एक उदाहरण म्हणजे सिद्धता नव्हे, एवढं तरी शिकवलंत का हो तुम्ही?” मी खेकसले.

चांगुणाने फ्रॉकच्या खिशातून मूठभर चिंचोके काढले आणि माझ्या टेबलावर जिना मांडला. वरच्या ओळीत एक, मग दोन, असे खाली पाचापर्यंत. शेजारी लहान जिना उलटा मांडला: वर चार, मग तीन, दोन, एक, आणि शेवटच्या ओळीत काहीच नाही.

“एक ओळ खाली उतरलं का मोठ्यात एक वाढतो,” ती म्हणाली, “नि लहान्यात एक कमी होतो. मंग ओळ तेवढीच राहते. सगळ्या ओळी पाचाच्याच. नि ओळी किती? मोठ्याला जेवढ्या पायऱ्या तेवढ्या.”

“आणि शंभर पायऱ्या असल्या तर?”

“लहान्याला नव्व्याण्णव. वरच्या ओळीत एक नि नव्व्याण्णव. खाली उतरत जा, शंभरच राहतात. कितीबी पायऱ्या घ्या, बाई, एक वाढल नि एक कमी होईल.”

अगं बाई! माझ्या अंगावर काटा आला. मी दरवर्षी फळाभर बीजगणित लिहून हे सिद्ध करत असे, आणि का होतं ते मला त्या चिंचोक्यांत पहिल्यांदा दिसलं. मी उत्तरपत्रिका उघडली. पेन्सिलीने खरडलेलं ते हेच होतं, शब्दन् शब्द.

“मग हे पेनाने का नाही लिहिलंस?”

“आकृती पेन्सिलीने काढायची, असं सर सांगतात. हे आकृतीचंच हाय ना.”

गोरक्ष सरांनी मान खाली घातली.

फेरतपासणीच्या कागदावर दोनच रकाने होते, ‘बदल आहे’ आणि ‘बदल नाही’. गुण बदलले की परीक्षकाच्या नावापुढे शेरा पडायचा. पुढच्या वर्षी मी मुख्य परीक्षक होणार होते. नियम माझ्या बाजूने होता. मी ‘बदल नाही’वर खूण केली आणि सही ठोकली. चांगुणाने एकेक चिंचोका वेचून खिशात घातला.

मी मुख्य परीक्षक झाले. वर्गात तोच जिना मांडून शिकवू लागले. पोरं म्हणायची, “मॅडम, भारी!” दर वेळी मला माझीच लाज वाटायची.

निवृत्त झाल्यावर, दोन हजार पाचात, मी एसटीने पेठला गेले. गोरक्ष सर मला तिच्या सासरी घेऊन गेले. चांगुणा अंगणात नागली पाखडत होती. वय एकोणीस, शेजारी एक लेकरू, दुसरं ओट्यावर. द्राक्षांच्या हंगामात दरवर्षी नाशिकलाच मजुरीला येते म्हणाली. माझ्या घरापासून तासाभराच्या वाटेवर.

सात वर्षं घोकलेलं मी एका दमात बोलून टाकलं. “चांगुणा, माझं चुकलं गं. तुझं उत्तर बरोबर होतं.”

तिने सूप खाली ठेवलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

“मला तवाच ठाव होतं, बाई,” ती म्हणाली. “आन् तुम्हालाबी.”