अकरा चिठ्ठ्या

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, विठ्ठलच्या बाबतीत अगदी तसंच झालं. दोन वर्षांपूर्वी कोपरीतल्या आनंदशेठच्या लीगवर धाड पडली तेव्हा विठ्ठल तिथे वरकामाला होता. लीग साधीच. क्रिकेटच्या मॅचआधी पैसे भरायचे, दोन्ही संघांतले मिळून अकरा खेळाडू निवडायचे, त्यांनी मैदानात जे केलं त्याचे गुण मोजायचे. पण शेवटच्या षटकात किती धावा होतील यावरही आनंदशेठ पैसे लावून घ्यायचा, आणि तो कागद मात्र विठ्ठलकडून लिहून घ्यायचा.

कोर्टात आनंदशेठचा वकील झकास बोलला. खेळणारा अभ्यास करून स्वतः संघ निवडतो, तेव्हा हे कौशल्य आहे, असं हायकोर्टानेच म्हटलंय आणि कौशल्याच्या खेळाला जुगाराचा कायदा लागत नाही. शेवटच्या षटकाचा कागद? तो त्या विठ्ठलचा खाजगी धंदा, आमच्या अशिलाला त्याची कल्पनाच नाही. आनंदशेठ सुटला. विठ्ठलने दंड भरून मिटेल म्हणून गुन्हा कबूल केला, आणि पोलीस पडताळणीत ते निघाल्यावर त्याची रात्रपाळीची सिक्युरिटीची नोकरी गेली. तेव्हापासून तो दिवा स्टेशनजवळच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजायचा.

त्याची बायको मालन त्या दिवशी कोर्टात मागच्या बाकावर होती. इंग्रजी तिला कळलं नाही, मराठी सगळं कळलं. संघ कोण निवडतं, यावर सगळं अडलंय, एवढी तिने खूणगाठ बांधली. आनंदशेठलाही त्याच कायद्यात आत घालायचा, त्याशिवाय तिला अन्न गोड लागणार नव्हतं. रागाचंही लोणच्यासारखं असतं, मुरायला वेळ द्यावा लागतो.

पुढल्या हंगामात आनंदशेठने कल्याणात गाळा घेतला. मालन तिथे चहापाण्याला आणि गुणांचे तक्ते भरायला लागली. कोर्टातही त्याचं तिच्याकडे लक्ष गेलं नव्हतं आणि मालनताईच्या पुढचं नाव विचारायची त्याला गरजही वाटली नाही. असल्या माणसांना कामाची बाई दिसते, तिचं आडनाव दिसत नाही.

त्याची एक अडचण होती. क्रिकेट कोळून प्यायलेले तेच चारजण दर वेळी जिंकायचे आणि बाकीचे कंटाळून सोडायचे. आजूबाजूच्या सोसायट्यांतल्या बायका याव्यात असं त्याला फार वाटे.

"शेठ, बायकांना कुठला बॉलर फॉर्मात आहे ते काय ठाऊक?" मालन चहा ठेवत म्हणाली. "भिशीसारखं करा ना. डब्यात खेळाडूंच्या चिठ्ठ्या टाका. जिने तिने अकरा उचलायच्या. निघेल तो संघ."

"अरे वा! काय डोकं लावलंस ताई!"

"आणि भिशी चालवणारी चिठ्ठीवर सही करते हां. नाहीतर बायका म्हणतात, खोटी घुसवली."

कौशल्याचं कवच याने स्वतःच्या हाताने उतरवलं आणि वर बसून दोनशे वीस चिठ्ठ्यांवर झोकदार सह्या ठोकल्या. मालनने त्या घड्या घालून स्टीलच्या डब्यात भरल्या. तिला इतकं हसू येत होतं की मोरीत जाऊन तोंड धुवावं लागलं.

तीन आठवडे तिने चालू दिलं. बायका यायच्या, पैसे भरायच्या, खिदळत चिठ्ठ्या उचलायच्या. मग तिने पोलिसांना कळवलं. रविवारी सकाळी, बायका यायच्या आधीच, पोलीस वॉरंट घेऊन आले.

आनंदशेठने शांतपणे फाईल काढली. "साहेब, आपल्याकडे ऑर्डर आहे. गेम ऑफ स्किल."

इन्स्पेक्टरने ती नीट वाचली. "यात खेळणारे स्वतः संघ निवडायचे. इथे कोण निवडतं?"

"निवडतात की."

इन्स्पेक्टरने डब्यातल्या दहा-बारा चिठ्ठ्या उघडून टेबलावर मांडल्या. "नशीब निवडतं. अभ्यास कुठे आला यात?"

मग आनंदशेठने तेच केलं जे तो करणार हे मालनला पक्कं ठाऊक होतं. त्याने तिच्याकडे बोट दाखवलं. "हिचा उद्योग आहे हा. मला काहीच कल्पना नाही."

"सही कुणाची?"

पोलिसांनी साक्षीला आणलेले पंच चिठ्ठ्या मोजून पाकिटात भरू लागले. पंचनामा लिहिणारा हवालदार हळूच मालनला म्हणाला, "ताई, खबर तुम्हीच दिली ना? बाजूला व्हा, साहेब बघून घेतील."

मालन हलली नाही. आपण बाजूला झालो की हा पुन्हा सगळं कुणाच्या तरी गळ्यात घालून मोकळा होणार. त्याला घेऊन बुडायचं तर पाण्यात उतरायलाच हवं, आणि ती तयारी तिने घरूनच केली होती.

"चिठ्ठ्या मीच केल्या, यांच्या सांगण्यावरून," ती म्हणाली. "माझंही नाव घाला."

"पूर्ण नाव?"

"मालन विठ्ठल घाग. राहणार दिवा."

आनंदशेठने मान वर केली. त्याच्या तोंडचा रंग उडालेला तिने मनसोक्त पाहून घेतला, आणि मग हवालदाराकडे वळून म्हणाली, "विठ्ठल नीट लिहा. शेठना वाचता आलं पाहिजे."