चौथी ओळ

"जरा मोठ्यानं वाच की! मंत्र म्हटल्यावानी काय पुटपुटायलीस?" ऑक्सिजनच्या मास्कमधून मालनबाई कुरकुरली.

परभणीच्या दवाखान्यात आईच्या खाटेशी बसून सुकेशनी बी. फार्मच्या परीक्षेचा तक्ता पाठ करत होती. रिसेप्टरची, म्हणजे औषध पेशीत जिथं जाऊन चिकटतं त्या जागांची, चार घराणी, आणि कुणाचा परिणाम दिसायला किती वेळ लागतो ते.

"आयन चॅनेल म्हणजे दारच. उघडलं की मिलिसेकंदात काम. जी प्रोटीनवालं मधल्या माणसाकरवी निरोप धाडतं, त्याला काही सेकंद. एन्झाइमवालं, इन्सुलिनचं, मिनिटं ते तास. ही तिघं पेशीच्या पडद्यावर बसतात. चौथं न्यूक्लियर, पेशीच्या आत. ते जनुकांना कामाला लावतं, म्हणून तास, नाहीतर दिवस."

"माझं औषध कुठलं?"

"स्टिरॉइड. चौथं."

मालनबाईची फुफ्फुसं आवळत चालली, तेव्हापासून सगळं घर या चौथ्या ओळीला धरून बसलं होतं. वडील पाथरीच्या पाहुण्यांना फोनवर ऐटीत सांगत, "औषध सावकाशीचं हाय. आमची पोरगी त्यातलंच शिकायलीय." डॉक्टर म्हणाले होते, चार-सहा दिवसांत फरक दिसेल. आता पंधरवडा उलटला होता आणि ऑक्सिजन वाढवावाच लागत होता.

"दिवसांच्या पुढं काय लिहिलंय?"

"काही नाही, आई."

'वेळ लागतो गं' हे रोजचं वाक्य सुकेशनीच्या ओठांवर आलं, पण आज बाहेर पडेना. मालनबाईनं मास्क जरासा उचलला आणि लेकीच्या गालावर हात ठेवला.

"मी आता घरी यायची न्हाई, सुके."