तिसरा आकडा शून्य

लाल पेनानं शून्य काढताना तिचा हात जराही अडखळला नाही.

खुर्चीचा एक पाय आखूड. त्याखाली कुणीतरी कागदाची घडी सारलेली.

"अगं, म्हशीनं रवंथ करावा तसे ते पाच मार्क चघळत बसतेस," आई म्हणायची. "दात झिजतील."

१, २, ३.

"दोन आणि दोन चार. जुळलं," चष्मा पुसत सर म्हणाले होते.

पेन्सिलीचा ठिपका, मुगाच्या दाण्याहून बारीक.

आईचं घरचं बोलणं सोडलं तर हे सगळं एकाच हॉलमधलं, तीन दिवसांतलं. विद्यापीठाचे पेपर तपासायला बारा परीक्षक जमले होते. ती त्यांतली एक, एका कॉलेजात एकोणीस वर्षं गणित शिकवणारी. सर मुख्य परीक्षक. नमुना उत्तरं त्यांच्या हातची, आणि बाकीच्यांनी त्यांबरहुकूम तपासायचं.

प्रश्न सातवा असा होता. हा मॅट्रिक्स घ्या:

१ २ ० १
२ ४ १ ३
३ ६ १ ४

याच्या नल स्पेसचा आणि कॉलम स्पेसचा बेसिस काढा, डायमेन्शन सांगा. पाच मार्क नल स्पेसला, म्हणजे ज्या व्हेक्टरांना मॅट्रिक्सनं गुणलं की शून्यच उरतं त्यांना; पाच कॉलम स्पेसला, म्हणजे स्तंभांना गुणून-मिळवून जे जे बनतं त्याला. बेसिस म्हणजे ज्यांतून बाकीचे सगळे बनतात ते मोजके व्हेक्टर, डायमेन्शन म्हणजे त्यांची संख्या.

मुलांनी ओळींतून ओळी वजा केल्या. उरलं ते हे:

१ २ ० १
० ० १ १
० ० ० ०

पिव्होट, म्हणजे ओळीतला शून्य नसलेला पहिला आकडा, पहिल्या आणि तिसऱ्या स्तंभात. दुसरा आणि चौथा मोकळे. मोकळ्या दोघांना आळीपाळीनं एक आणि शून्य दिलं की नल स्पेसचे दोन व्हेक्टर मिळतात: (-२, १, ०, ०) आणि (-१, ०, -१, १). ओळी वजा केल्यानं समीकरणांची उत्तरं बदलत नाहीत, म्हणून इथवर कुणाचं काही बिघडत नाही. डायमेन्शन दोन.

बिघडतं ते पुढे. कॉलम स्पेससाठी सरांच्या उत्तरात लिहिलं होतं: (१, ०, ०) आणि (०, १, ०).

म्हणजे उरलेल्या मॅट्रिक्सचेच स्तंभ उचलले होते. पिव्होट कुठल्या स्तंभात आहेत एवढंच त्या मॅट्रिक्सला विचारायचं असतं. स्तंभ घ्यायचे ते मूळ मॅट्रिक्समधले, (१, २, ३) आणि (०, १, १). ओळी वजा केल्या की स्तंभांची आपसातली नाती तशीच राहतात, दुसरा पहिल्याच्या दुप्पट होता तो दुप्पटच राहतो. पण स्तंभ स्वतः ते राहत नाहीत. डायमेन्शन मात्र दोन्हीकडे दोनच येतं. नियमानं दोन्हींची बेरीज स्तंभांइतकी यावी लागते: दोन आणि दोन चार, एकूण स्तंभ चार. बेरीज जुळली की चूक झाकली जाते. सरांची ती वीस वर्षं झाकली गेली होती.

वीस वर्षांपूर्वी, सरांच्या वर्गात असताना, तिनं पेपरात मूळ स्तंभ लिहिले होते. सरांनी पाचापैकी शून्य दिलं. ती केबिनमध्ये गेली तेव्हा वहीतून मान वर न करता म्हणाले, "एवढं रिड्यूस करून परत मागे जातेस? घोडं मेहनतीनं नदीपार नेलं आणि परत बुडवलं!" केबिनमधले दोघं हसले. संशोधनाची जागा तिची तीन मार्कांनी हुकली.

आता सरांचं तेच उत्तर पुन्हा समोर होतं. तोच हात, तेच वळण.

शेजारच्या टेबलावरचा तरुण परीक्षक पहिल्याच दुपारी कुजबुजला, "मॅडम, सातव्यात काही मुलं वेगळंच लिहितायत. मूळचे स्तंभ. मला तर..."

"नमुना उत्तर बघा," ती म्हणाली.

"बघितलं हो, पण..."

"मग तसंच तपासा. मुख्य परीक्षकांपुढे शहाणपण करायचंय का तुम्हाला?"

त्यानं पुढचा पेपर ओढला. तिला हेच हवं होतं. एकदोन पेपरांत चूक सापडली तर सर कोपऱ्यात बोलावून दुरुस्त करतील, चहा पाजतील, संपलं. तिला गठ्ठेच्या गठ्ठे चुकायला हवे होते. सगळ्यांवर सह्या व्हायला हव्या होत्या. मग तिसऱ्या दिवशीच्या बैठकीत, परीक्षा नियंत्रकांसमोर, बाराही जणांच्या देखत ती चूक काढायची.

म्हणून ज्या मुलांनी (१, २, ३) आणि (०, १, १) लिहिलं, त्यांना ती शून्य देत गेली. प्रत्येक शून्याशेजारी पेन्सिलीचा ठिपका, नंतर शोधायला सोपं जावं म्हणून. मार्क परत मिळणारच होते, तिचे मिळाले नव्हते. एका मुलीनं उत्तराखाली पडताळाही करून दाखवला होता, चौथा स्तंभ म्हणजे पहिला अधिक तिसरा. ठिपका. शून्य.

घरी आईनं विचारलं, "आज काय एवढी खुशीत?"

"काही नाही गं."

"काही नाही म्हणतेस तेव्हा कुणाचं तरी वाटोळं ठरलेलं असतं."

तिसऱ्या दिवशी दुपारी बैठक भरली. नियंत्रक म्हणाले, "काही शंका?" ती उठली.

"सर, सातव्याचं जरा फळ्यावर दाखवाल? मूळ मॅट्रिक्सचा पहिला स्तंभ १, २, ३. तो कॉलम स्पेसमध्ये असणारच. तुमच्या दोन व्हेक्टरांतून तेवढा बनवून दाखवा."

"अगं, त्यात काय," सर उठले. गुडघा धरून उठले. खडूनं लिहिलं: एक गुणिले (१, ०, ०), अधिक दोन गुणिले (०, १, ०). बेरीज मांडली. एक. दोन.

खडू थांबला.

"तिसरा आकडा, सर," ती म्हणाली.

"शून्य," ते म्हणाले.

"काहीही गुणलं तरी?"

"काहीही गुणलं तरी." त्यांनी खडू खाली ठेवला. मागे कुणाची तरी खुर्ची करकरली. "चुकलं माझं."

वीस वर्षं तिनं हे वाक्य ऐकायची तालीम केली होती. ती म्हणाली, "मूळ स्तंभ लिहिले म्हणून तुम्ही मला शून्य दिलं होतं. तुमच्याच वर्गात."

सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "केव्हा?"

त्यांना आठवतच नव्हतं. नाटक करत नव्हते. डोळे खरोखर शोधत होते आणि त्यांना काही सापडत नव्हतं.

"गठ्ठे सगळे उघडा," नियंत्रक वैतागून म्हणाले. सर्वांत जवळचा गठ्ठा तिचा होता. सरांनी वरचा पेपर उलटला. मग दुसरा. मग दहावा. कागद डोळ्यांजवळ नेऊन विचारलं, "हे ठिपके कसले?"

त्यांनी आणखी पेपर उलटले.

"बरोबर उत्तरावरच आहेत. फक्त बरोबर उत्तरावर." ते मोजत गेले नाहीत, शेजारचा तरुण परीक्षक मोजत गेला. एकसष्ट. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि आपली खुर्ची थोडी बाजूला घेतली.

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुला," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर तिला बरं वाटलं असतं. "मी चुकून दिलं. तू बघून दिलंस."

"मला वीस वर्षांपूर्वी..."

"तुला मी दिलं. या एकसष्ट जणांना कुणी दिलं?"

नियंत्रकांनी वहीत तिचं नाव लिहून घेतलं आणि पुढच्या वर्षीच्या यादीतून काढायला सांगितलं. सरांचंही. एकाच ओळीत, एकाखाली एक नाही, शेजारी-शेजारी. संध्याकाळपर्यंत ती एकटी हॉलमध्ये बसली, शून्य खोडून पाच, शून्य खोडून पाच, प्रत्येक खाडाखोडीवर पूर्ण सही. सर जिना उतरताना तिला दारातून दिसले, एका हातानं कठडा धरून. तिला हसू आलं, आणि ते तिनं थांबवलंही नाही.

पहिल्या दिवशी सकाळी, गठ्ठे फुटायच्या आधी, सरांनी नमुना उत्तरांचा कागद तिच्या हातात देऊन म्हटलं होतं, "एकदा नजर टाकतेस का? मला हल्ली बारीक दिसत नाही," आणि तिनं कागद परत देताना सांगितलं होतं, "सगळं बरोबर आहे, सर."