शिळा भाव

खोडाळ्याच्या आठवडी बाजारात व्यापाऱ्याने सांगितलेला भाव पुढच्या बाजारापर्यंत चाले. मग तो शिळा. जव्हार दरबारच्या कोठीचे खरेदीदार दामोदरपंत हे जाणून होते. म्हणून तर हरिभाऊंच्या दुकानाची पायरी चढताना त्यांचे पाय जड झाले होते. दसऱ्याच्या दिव्यांसाठी खुरासणीच्या तेलाचा भाव त्यांनी गेल्या बाजारी घेतला होता. पण कागद दिवाणांकडे, दिवाण मुंबईला, आणि मंजुरीवाचून कोठीला थेंबही घेता येत नव्हता. तेल चुकलं तर दरबारात मान खाली जायची ती दामोदरपंतांची.

हरिभाऊ त्यांच्याच शाळेतले, मागच्या बाकावरचे. आज गादीवर रेलून बसले होते.

"या, कोठीवाले! मंजुरी आणली?"

"नाही. हरी, भाव आणखी दोन बाजार धर."

"दामू, नवी खुरासणी अजून शेतात पिवळी फुललीय. जुनं तेल रोज चढतंय. नाशिकचं गिऱ्हाईक आज जास्त द्यायला बसलंय."

"म्हणून तर विचारतोय."

हरिभाऊंनी मान वळवली. "अगं, दरबारचं तेल दोन बाजार ठेवू?"

आत त्यांची बायको प्रेमला डब्यांना झाकणं लावत गुणगुणत होती,

वात मिरवते बाई, उजेडाच्या गं गावाला,
कुणी पुसंना तेलाला, आलं कुठून नावाला.

"ठेवा," ती म्हणाली. "पण घरात आहे तेवढंच. वर लागलं तर त्या दिवसाचा भाव. आणि दोन बाजार उलटले, की तेल नाशिककराला."

"झालं. मंजूर," हरिभाऊ म्हणाले.

झालं! दामोदरपंतांच्या काळजात कुसळ शिरलं. आपल्या एका 'हो'साठी किती मेजं, किती सह्या; आणि याचं एका हाकेत! आभार मानायला ओठ उघडले, पण "बरं" एवढंच आलं.

"जळतोस काय रे?" हरिभाऊ हसले. "तुझ्या कागदावर शिक्का बसतो. माझ्या शब्दावर माशा."

दुसरा बाजार उठता उठता मंजुरी घेऊन स्वार आला. नाशिककर गाडी जुंपून उभाच होता. ती रिकामीच परतली.

दसऱ्याच्या सांजेला वाड्यापुढे दिवे लागले. धूर नाही, काजळी नाही. दिवाणसाहेब थबकले.

"छान जळतंय, पंत. तेल कुणाचं?"

नाव जिभेवर आलं, तिथेच चिकटलं.

"दरबारचं, साहेब."

साहेब पुढे गेले. मागे रिकामे डबे गाडीत चढवत हरिभाऊ उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. रागावतील, म्हणून दामोदरपंतांनी अंग चोरलं.

"मंजूर," हरिभाऊ म्हणाले आणि खो-खो हसत गाडी हाकलून गेले.

तेव्हा दामोदरपंतांना त्या हसण्याचाही हेवा वाटला.