पिवळी गोळी

शुक्रवारी पावणेबाराला रमाकांतकाका फणसवाडीहून दवाखान्यात आले आणि माझ्या टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. मोबाइल आणि गोळ्यांची पट्टी.

"मनवा, तुझी पोस्ट एक सांगते, डॉक्टरांचा कागद दुसरंच सांगतो. मी कोणाचं ऐकायचं?"

"दोन्ही एकच आहे, काका."

"नाही. चौतीस वर्षं कचेरीत कागद जुळवण्यात गेली माझी. मला दाखवू नकोस, तू वाच."

मोबाइलवर माझीच पोस्ट होती. मंगळवारी सकाळी संधिवाताच्या एकेचाळीस पेशंटना पाठवलेली.

'सोमवारी नारिंगी गोळी घ्या. फक्त एक.
मंगळवार ते रविवार पिवळी गोळी घ्या. रोज एक.
आधी नाश्ता. मग गोळी.'

पट्टीतली गोळी पिवळी होती. मी पट्टी उलटी केली. मागे बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: मेथोट्रेक्सेट, दहा मिलिग्रॅम.

मी ते नाव पुन्हा एकदा वाचलं.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तेवढीच ती सांध्यांना बरी. रोज घेतली तर शरीरात नव्या पेशी बनणं थांबायला लागतं. तोंडाची आतली कातडी सोलते, मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात आणि साधा संसर्गही झेपत नाही. रोज घ्यायची ती दुसरी गोळी, फॉलिक ॲसिड. ती पहिलीचा त्रास कमी करते. एक आठवड्याची, एक रोजची. पोस्ट लिहायचं कारणच हे होतं, की लोक त्यांची अदलाबदल करत होते.

"काका, तुम्ही घेतलीत?"

"कागद जुळल्याशिवाय मी काही गिळत नाही. सोमवारची घेतली, बस. पण ही पिवळी आहे ना? मग तुझी नारिंगी कुठली?"

नारिंगी आमच्या कपाटात होती. लालबागच्या या धर्मादाय दवाखान्यात येणारी मेथोट्रेक्सेट नारिंगी असते आणि फॉलिक ॲसिड पिवळं. पोस्ट पाठवण्याआधी मी ती तीन बायकांना वाचायला दिली होती. तिघींनी अडखळल्याशिवाय वाचली. 'आता काय कराल?' असं विचारल्यावर तिघींनी बरोबर गोळी उचलून दाखवली. तिघीही आमच्या बाकावर बसलेल्या होत्या आणि तिघींच्या हातात आमच्याच कपाटातल्या गोळ्या होत्या. कॉलेजात मायक्रोबायॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला असा नमुना घेतला असता तर सरांनी वही परत फेकली असती. जे लोक आपापल्या गल्लीतल्या केमिस्टकडून गोळ्या घेतात, त्यांची कंपनी वेगळी, रंग वेगळा. त्यांच्यापैकी एकालाही मी विचारलं नव्हतं.

उर्मिला मॅडम आत पेशंट तपासत होत्या. मी दार न वाजवता आत गेले आणि पट्टी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी पट्टी बघितली, मग मला बघितलं, आणि पेशंटला बाहेर बसायला सांगितलं.

"किती जणांना गेली?"

"एकेचाळीस."

"बाहेरून गोळ्या घेणारे किती?"

"माहीत नाही."

"मग सगळ्यांना फोन. पण आधी पोस्ट टाक. आत्ता."

मी टाइप केलं: 'औषधांबाबत सुधारित सूचना.' मॅडमनी माझ्या खांद्यावरून वाचलं.

"हे तुझ्या त्या यादीत बसतं का?"

पोस्ट लिहिण्याच्या नियमांची ती यादी माझ्या टेबलामागे चिकटवलेली होती. एका वाक्यात एकच गोष्ट. काय करायचं ते सगळ्यात आधी. जोडाक्षरं कमी. घरात बोलतो तो शब्द. आणि पाचवा नियम, माझा लाडका: औषधाचं नाव नको, ओळख लिहा. लोक गोळीला नावाने हाक मारत नाहीत, रंगाने मारतात, हे मीच शोधून काढलं होतं आणि त्याबद्दल शाबासकीही मिळवली होती.

मी खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

'थांबा. आज यातली कुठलीही गोळी घेऊ नका.
मंगळवारची पोस्ट चुकली आहे. चूक आमची आहे.
आम्ही आज तुम्हाला फोन करू.
तोंड आले असेल, ताप असेल तर लगेच फोन करा.'

"एक दिवस दोन्ही बंद राहिल्या तर?"

"काही होत नाही. पाठव."

मग आम्ही पेशंटची यादी वाटून घेतली. वीस मॅडमनी, एकवीस मी. प्रत्येकाला एकच विचारायचं ठरलं: पिवळ्या गोळीची पट्टी हातात घ्या, तिच्यावर पहिलं अक्षर कुठलं आहे, एम की एफ? ज्याला इंग्रजी येत नाही, त्याने नातवाला किंवा शेजाऱ्याला बोलवायचं. अठ्ठावीस जण आमच्याच गोळ्या घेत होते. अकरा जणांनी पोस्ट वाचलीच नव्हती, किंवा वाचून सोडून दिली होती. आयुष्यात प्रथमच मला कोणी न वाचल्याचा इतका आनंद झाला. करी रोडच्या एका आजोबांनी एक जादा गोळी घेतली होती. मॅडमनी त्यांना रक्त तपासायला बोलावलं.

चाळीस झाले. एक उरलं. कालिंदीकाकू, काळाचौकी, वय एकाहत्तर. एकट्या राहतात. फोन वाजत होता, कोणी उचलत नव्हतं. नव्या पोस्टखाली वाचल्याची खूण नव्हती. मंगळवारच्या पोस्टखाली होती.

कालिंदीकाकू चौथीपर्यंत शिकलेल्या. सुरुवातीला डॉक्टरांचा कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवायच्या आणि शेजारच्या गुणाजींकडून वाचून घ्यायच्या. माझ्या पोस्ट सुरू झाल्यावर त्या एकदा बाकावर बसून, अक्षराखाली बोट ठेवून सगळी पोस्ट वाचत गेल्या आणि शेवटी म्हणाल्या, "तुझं वाचलं ना गं, की मला कोणाच्या दारात जावं लागत नाही." मी ते वाक्य वहीत तारखेसकट लिहून ठेवलं होतं.

"मी जाते," मी म्हटलं.

"पोचलीस की पट्टी बघ आणि मला फोन कर. तोंड उघडून बघ. टॅक्सी खाली उभीच ठेव."

टॅक्सीत मी हिशेब करत होते आणि तो करायचा नव्हता. सोमवारची त्यांनी नेहमीप्रमाणे घेतली असेल. मंगळवार, बुधवार, गुरुवार. आज शुक्रवार, नाश्ता झालेला असणार. पाच.

काकूंच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत गुणाजीकाका लुंगी नेसून कपडे वाळत घालत होते. मी काकूंबद्दल विचारलं.

"वैनी? हयच असतील. दोन दिवस बाहेर दिसूक नाय. काल हाक मारलंय तर म्हणतात, तोंड आलंय, बोलूक होत नाय. म्हटलं, लोणचा जास्त खाल्लंत."

"दार उघडा, काका. चावी आहे ना तुमच्याकडे?"

"झाला काय?"

"उघडा आधी."

त्यांनी हातातली क्लिप दोरीला लावली आणि घरातून चावी आणली.

काकू खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. मी हाक मारली. हालल्या नाहीत. मी मनगट धरलं. ते गरम होतं, आणि ते गरम आहे म्हणजे त्या आहेत, एवढंच त्या क्षणी मला समजलं. दुसऱ्या हाकेला त्यांनी डोळे उघडले. ओठांच्या कडा फुटल्या होत्या. मी मोबाइलचा टॉर्च धरला आणि त्यांनी आज्ञाधारकपणे तोंड उघडलं. जीभ आणि गाल आतून पांढरट-लाल सोलले होते.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खुणांशेजारी त्यांनी माझी पोस्ट उतरवून काढली होती. मोठी, सावकाश काढलेली अक्षरं. 'मंगळवार ते रविवार पिवळी गोळी घ्या. रोज एक.' पुढे चार बरोबरच्या खुणा. चौथी आजची.

"काकू, नारिंगी गोळी तुमच्याकडे नव्हतीच ना?"

त्यांनी मान हलवली. मग शब्द एकेक करून आले. "गुलाबी आहे. म्हटलं, त्यालाच... नारिंगी म्हणत असशील. मला वाटलं... इतके दिवस मीच उलटं घेत होते. बरं झालं तू लिहिलंस."

मी खाटेजवळच्या पिवळ्या पट्टीवरचं नाव वाचलं: मेथोट्रेक्सेट. मॅडमना फोन लावला आणि म्हटलं, "पाच. तोंड आलंय. अंगात ताप आहे."

"परळला ने, मोठ्या हॉस्पिटलमध्ये. मी तिथे फोन करते. दोन्ही पट्ट्या बरोबर घे. आणि तिथे नाव सांग, रंग नको."

गुणाजीकाकांनी त्यांना एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. प्रत्येक जिन्यावर त्या थांबत होत्या. टॅक्सीत त्यांनी डोकं माझ्या खांद्यावर टाकलं आणि मी त्यांचा श्वास मोजत राहिले, जणू मोजणं थांबलं तर तोही थांबेल.

रक्ताचा पहिला रिपोर्ट आला: पांढऱ्या पेशी एकोणीसशे. चार हजारांच्या वर हव्यात. फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं सुरू झाली. ते फॉलिक नाही, फोलिनिक. मेथोट्रेक्सेटने अडवलेल्या पायरीच्या पुढे ते पेशीला थेट पोचवतं. रासायनिक मार्ग मला पाठ होता. वॉर्डाबाहेर बसून मी तो मनात पायरी-पायरीने म्हणत होते, कोणी स्तोत्र म्हणावं तसा. दुसऱ्या दिवशी चौदाशे. डॉक्टर म्हणाले, अजून उतरतील, मग चढतील. तिसऱ्या दिवशी अकराशे. त्यांना वेगळ्या खोलीत हलवलं, आम्हाला काचेतून बघायला सांगितलं. गुणाजीकाका डब्यात पेज आणायचे आणि परत न्यायचे.

"पोरी, तू घराक जा," ते एकदा म्हणाले. "हय बसून पेशी वाढूच्या नाय."

त्या दिवशी मी गेले नाही. पाचव्या दिवशी तेराशे. सातव्या दिवशी चोवीसशे. दहाव्या दिवशी अडतीसशे झाल्या आणि त्यांना आमच्यासमोर बसून बोलायची परवानगी मिळाली.

त्या दहा दिवसांत मी नवी पोस्ट लिहिली होती. या वेळी सात जणांना दिली. त्यातले पाच बाहेरून गोळ्या घेणारे, आपापल्या पट्ट्या हातात घेऊन. रंग काढून टाकला. मॅडमनी प्रत्येकाच्या पट्टीवर जाड पेनाने 'सोमवार' किंवा 'रोज' लिहायला सुरुवात केली, आणि पोस्ट एवढंच म्हणत होती:

'तुमच्या पट्टीवर डॉक्टर वार लिहितील. 
पट्टीवर वार नसेल तर गोळी घेऊ नका. 
दवाखान्यात या.'

आठवी वाचक मला कालिंदीकाकूच हव्या होत्या. मी त्यांच्यासमोर मोबाइल धरला. अक्षरं मोठी केली होती. त्यांनी चष्मा लावला. बोट पहिल्या शब्दाखाली गेलं, नेहमीसारखं. 'तुमच्या' झालं. 'पट्टीवर' झालं. मग बोट थांबलं.

मी वाट बघितली. अवघड शब्द कुठला असेल, ते मी शोधत होते. तिथे एकही नव्हता.

काकूंनी चष्मा काढला, मिटला आणि मोबाइल माझ्या हातातून घेऊन पलीकडे बसलेल्या गुणाजींना दिला.

"तू वाच रे," त्या म्हणाल्या. "नीट बघ, हिनं काय लिहिलंय ते."

गुणाजीकाकांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग ते मोठ्याने वाचू लागले, आणि काकू दोन्ही पट्ट्या मांडीवर ठेवून, प्रत्येक शब्दाला त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.