सुगंधाची मुलाखत

दिग्दर्शक अजयने प्रिसिलाला एकांकिका लिहून द्यायला संध्याकाळपर्यंतचीच मुदत दिली होती. त्यानंतर ते लेखन मसुऱ्याच्या नेल्सनकडे जाणार होतं. एकांकिकेतला मुलगा घर विकायला मुंबईहून येतो तेव्हा त्याची आई सुगंधा काय बोलते, तेच प्रिसिलाला सुचत नव्हतं. म्हणून तिने सुगंधासाठी प्रश्नावली काढली आणि सुगंधा होऊन उत्तरं लिहिली.

अजयने तो कागद उचलून मोठ्याने वाचला. "'तुम्हाला कशाची भीती वाटते?' 'मला एकटेपणाची भीती वाटते.' ही बाई घरात आसा काय तहसील कचेरीत गो?"

"प्रश्न असेच विचारतात," प्रिसिला म्हणाली.

"तू सायबासारखा इचारलंस, म्हणान ती सायबाक सांगता तसा बोलली. तुका जमाचा नाय. नेल्सनाक फोन करतंय." त्याने खिशातून फोन काढला.

प्रिसिलाचा चेहरा तापला. "मगे तू इचार. तिचो मुंबयवालो झील होऊन इचार."

अजय छद्मी हसला. "आये, कसला भय वाटता गो तुका? इकून टाक घर!"

"भय? तुझ्या बापाशीक भियालंय नाय, तुका भितलंय?" प्रिसिला ओरडली. "घर इकूचा आसात तर आधी माका उचलून भायर टाक! हात लाव बघया!"

अजय दचकून मागे सरकला. प्रिसिला आपलंच बोलणं भराभर कागदावर उतरवत होती.

"बरा आसा," तो नाइलाजाने म्हणाला.

"फोन खाली ठेव," वर न बघता ती म्हणाली. "आणि फुडचो प्रश्न तसोच कुजको इचार. तिचा अजून बोलून संपाक नाय."