बाबांना तिथे टाकलं म्हणे

"सुटले गं बिचारे," तोफ मुंगीच्या दारातच म्हणाली आणि तिथेच सगळं फिसकटलं.

आता यात तिचं काय चुकलं, सांगा! नव्वदीला टेकलेला मुंगीचा म्हातारा बाप, माणसं ओळखायची कधीच बंद झालेली, शेवटी छातीत कफ भरून गेला. अशा वेळी सगळं जग हेच म्हणतं. पण मुंगीने तिच्याकडे नीट बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "कोण सुटलं? ते, की मी?"

जिला शाळेपासून तोफ म्हणायचे, कारण तोंड उघडलं की गोळाच सुटायचा, ती चक्क उंबऱ्यावर आ वासून उभी राहिली. मुंगी म्हणाली, "ये आता तू," आणि दार लावून घेतलं. जोरात आपटलंही नाही. आपटलं असतं तर तोफेला बरं वाटलं असतं.

मुंगीही शाळेपासूनच मुंगी. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करते, मान खाली, तोंडातून शब्द नाही. लग्न केलं नाही, वडिलांना सांभाळलं. मोठा भाऊ दूरदेशी, फोनवरून काळजी करणारा. काळजी फोनवरून फार छान करता येते, हात दुखत नाहीत.

तोफ घरी गेली, स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या आणि ठरवलं, उद्या परत जायचं. हाकललं तरी जायचं. गाडी शिकवायचा धंदा तिचा. घाबरलेल्या माणसाशेजारी बसून राहायचं, हे तिला जमत होतं. फक्त तोंडाला ब्रेक नव्हता.

सकाळी, मुंगीच्या वडिलांना ठेवलं होतं त्या केअर होममधून तिलाच फोन आला. मुंगीने दुसरा नंबर म्हणून तिचा दिलेला. तिथल्या ताईचा आवाज होता, वडिलांचं सगळं करायची ती. म्हणाली, "खोली आज रिकामी करायची आहे हो. मॅडम म्हणतात, सगळं कुणालाही देऊन टाका, मी येणार नाही. तुम्ही जरा बघाल का?"

तोफेने शिकवणीची गाडी काढली आणि थेट मुंगीच्या दारात उभी केली.

"मी समजूत घालायला आलेले नाही," दार उघडल्या उघडल्या ती म्हणाली. "काल मूर्खासारखं बोलले. आज मी ऐकणार. कसं झालं ते सांग."

मुंगी दारातून बाजूला झाली.

सांगायला लागली ती अडखळत. सकाळी ताप चढला. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, गिळता येत नाही म्हणून अन्नपाणी छातीत उतरतंय, हे होणारच होतं, आता त्रास होऊ द्यायचा नाही एवढंच बघू. दवाखान्यात हलवायचं नाही हे आधीच ठरलेलं. त्याच दिवशी काही होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. संध्याकाळी दुकानातून ती नेहमीसारखी निघाली, बस सिग्नलला अडकली, आणि तिथेच फोन आला. गेले.

"आणि ताई काय म्हणाली माहितेय? शेवटी 'आई, आई' करत होते म्हणे. कळवळत गेले गं माझे बाबा. 'आई गं, आई गं' करत. आणि मी बसमध्ये खिडकीशी बसून होते." तिने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. "दादाचा फोन आला. म्हणाला, घरी असते तर अजून जगले असते. तू बाबांना तिथे टाकलंस. खरंच आहे ना. टाकलंच."

तोफेच्या जिभेवर दादासाठी एक उत्तम गोळा तयार होता. तिने तो गिळला. केवढा त्रास झाला ते तिचं तिलाच ठाऊक.

"टाकलं," ती म्हणाली. "आपल्या आयांनी आपल्याला शाळेत टाकलं, असंच म्हणतात ना? 'पोरीला पाचव्या वर्षी शाळेत टाकली.' तेव्हा कुणी नाही म्हणत की कचऱ्यात टाकली."

"शाळेतून पोरं परत येतात."

मग मुंगी आपणहूनच बोलू लागली. घरी काय चाललं होतं ते. बाबा जन्मभर वायरमन. डोकं गेलं, पण हात विसरले नाहीत. मध्यरात्री उठून स्क्रू-ड्रायव्हरने भिंतीतले प्लग उघडायचे, म्हणायचे, साहेब थांबलेत, लाइन चालू करायची आहे. मुंगी मेन स्विच बंद करून अंधारात त्यांच्या दाराशी आडवी पडायची. मग न्हाणीघरात पडले. तिला उचलता येईना, शेजारचे दोघं धावून आले, तोवर म्हातारा ओल्या फरशीवर थरथरत. मग अंथरूण धरलं. कूस बदलायला दोन माणसं लागायची आणि घरात होती एक. पाठीला जखम झाली तेव्हा डॉक्टरच म्हणाले, बाई, हे एका माणसाचं काम नाही.

"ती जखम तिकडे गेल्यावर भरली ना?" तोफेने विचारलं.

"भरली." मग मुंगी एकदम म्हणाली, "तुला सांगू? त्यांना ठेवून आले त्या रात्री मी झोपले. गाढ. सकाळपर्यंत. घोडे विकून झोपावं तशी. बरं वाटलं मला. बापाला परक्यांच्या हाती देऊन मला बरं वाटलं! म्हणून काल तू म्हणालीस ना, सुटले, तर..."

ती रडली नाही, पण चेहरा असा काही झाला की तोफेने उठून तिला जवळ ओढलं.

"बरं वाटलंच असणार. अगं, दोन वर्षं धड झोपलेली नव्हतीस तू. अंगाला बरं वाटलं, मनाला नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असतं. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्यांची दाढी करायला कोण जात होतं? मी?"

"दाढी म्हणजे काय मोठं."

"घरी होते तेव्हा करत होतीस?"

मुंगीने आठवून बघितलं. "नाही. वेळच नसायचा. घरी मी... राखणच करायचे त्यांची. न्हाव्यालाच बोलवायचे कधीमधी."

"बघ. कूस बदलायला, चादरी बदलायला, ठसका लागू नये म्हणून पाणी घट्ट करून चमच्याने पाजायला दुसरे हात आले, तेव्हा तुझे हात दाढीला मोकळे झाले. आता ऊठ. खोली आवरायची आहे."

"नाही."

"मग मी एकटी आवरते. पण ताईला विचारते, शेवटी काय झालं. नीट, पहिल्यापासून."

"आणि खरंच तळमळत गेले असतील तर?" मुंगीचा आवाज चिरकला. "ते ऐकून मी जगू कशी?"

हा प्रश्न मात्र खरा होता. तोफेला तरी काय माहीत, ताई काय सांगेल? माणसं वाईट रीतीनेही जातात. थाप मारावी असं क्षणभर वाटलं. मारली नाही.

"तर मी शेजारी असेन," ती म्हणाली. "जे झालं ते धरून रडू. पण न झालेलं डोक्यात घालून जन्मभर रडायचं, हे मी चालू देणार नाही. चल."

मुंगी गाडीत बसली ती बाजूच्या सीटवर, जिथे शिकवताना तोफ बसते. त्या जागेखाली जादा ब्रेक असतो. केअर होमच्या वळणावर गाडी खाडकन थांबली. मागच्याने हॉर्नचा कल्लोळ केला.

"अगं भवाने, पाय काढ!" तोफ ओरडली. मुंगीने दचकून पाय काढला आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निघालं.

खोलीत पलंग उघडा होता, गादीवर रबरी कव्हर तेवढं. कपाटाशी पिशवीत कपडे भरून ठेवलेले. मुंगी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली, आत येईना. ताई आली, हात पुसत. मुंगीने तिच्याकडे बघितलं नाही.

"ताई," तोफ म्हणाली, "शेवटचं सांगाल का? काही लपवू नका. 'आई, आई' करत होते म्हणालात. फार दुखत होतं का त्यांना?"

ताई गोंधळली. "दुखत? नाही हो. श्वास भराभर चालला होता, घरघर होती छातीत, ते खोटं कशाला सांगू? पण औषध दिलं होतं, कपाळावर आठी नव्हती. मी हात धरून बसले होते. ते 'आई गं' नव्हते म्हणत. विचारत होते, 'आई आली का? आई आली का?' रोजच्यासारखं."

"रोजच्यासारखं म्हणजे?" हे मुंगीने विचारलं.

"म्हणजे तुमच्याबद्दल. रोज चहा झाला की सुरू व्हायचं, 'आई आली का?' आधी मला वाटलं, त्यांची आई. एकदा विचारलं, आजोबा, कोण आई? तर असा गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, 'दाढी करते ती.'" ताईला हसू आलं. "मी म्हटलं, कुठली आई मुलाची दाढी करते? तर रागावलेच माझ्यावर."

मुंगी चौकट सोडून आत आली. "मला तर 'ओ बाई' म्हणायचे. मला वाटलं, मी कोण तेच... तुम्ही बोलला नाहीत कधी."

"तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं. तुमच्यासमोर ते गप्पच, हनुवटी वर करून बसलेले. त्या दिवशीही विचारलं. मी म्हटलं, निघाली आहे, येतेय. तर 'बरं' म्हणाले. हनुवटी वर केली जरा. मग श्वास लांब लांब होत गेला, नि थांबला."

मग मुंगी त्या उघड्या पलंगावर बसली आणि ढसाढसा रडली, आवाज करून, नाक गळेपर्यंत. तोफही रडली. ताईने आतून दार लोटून घेतलं.

"टाकलेला माणूस वाट बघतो का गं?" मुंगीने विचारलं. कुणाला विचारलं कोण जाणे.

"नाही बघत," तोफ म्हणाली. "वाट येणाऱ्याची बघतात."

तेवढ्यात मुंगीचा फोन वाजला. दादा. तोफेने हात पुढे केला. म्हणाली, दे इकडे, आज याला मी बघतेच. मुंगीने मान हलवली. नाक पुसलं, स्पीकर लावला, फोन गादीवर ठेवला. पलीकडून आवाज सुरूच झाला, "हे बघ, मी त्या दिवशीच म्हणत होतो, घरी असते तर..."

"दादा," मुंगी म्हणाली. साठ वर्षांत त्या घरात तो सूर कुणी ऐकला नसेल. "गप्प बस आणि ऐक."

पलीकडे आवाज थांबला. मुंगीने पलंगावर सरकून आपल्या शेजारी जागा केली.

"ताई, बसा," ती म्हणाली. "आता पुन्हा सांगा. पहिल्यापासून."